मावशींना झाकण, वॉचमनला फोन

प्रश्न: आमच्या सोसायटीत बारा मजल्यांच्या तीन इमारती आहेत. वॉचमन एजन्सीचे, दोन पाळ्यांत. रोज साठ-सत्तर मावशी-ताई कामाला येतात. मागच्या महिन्यात सातव्या मजल्यावर कढईतलं तेल पेटलं. घरात फक्त मावशी आणि आतल्या खोलीत झोपलेल्या आजी. मावशींनी पाणी ओतलं, भडका उडाला, त्यांचा हात भाजला. खाली वॉचमनने आधी सेक्रेटरींना फोन केला, त्यांनी उचलला नाही, मग चेअरमनना. अग्निशमन दलाला फोन शेवटी समोरच्या इमारतीतून कुणीतरी केला. खरं तर सहाच महिन्यांपूर्वी आम्ही सगळ्यांना आग विझवण्याचं प्रात्यक्षिक दिलं होतं. आता पुन्हा शिकवायचं तर नेमकं काय आणि कसं? काही सभासद विचारतात, तासाभरासाठी येणाऱ्या बायकांना हे शिकवून उपयोग काय?
— एक समिती सदस्य

उत्तर:

तुमचं प्रात्यक्षिक कसं झालं असेल, ते मी न बघताही सांगू शकते. मोकळ्या जागेत पत्र्याच्या ट्रेमध्ये थोडं डिझेल पेटवलं, एजन्सीच्या माणसाने आग विझवायच्या सिलिंडरची पिन काढली, पांढरा ढग उडाला, आग विझली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. मावशी मागच्या रांगेत उभ्या होत्या आणि त्यांच्यापैकी एकीच्याही हातात तो सिलिंडर आला नाही. यात फसवणूक काही नाही. फक्त घरातली आग अशी ट्रेमध्ये पेटत नाही, आणि ती पेटते तेव्हा एजन्सीचा माणूस तिथे नसतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की सिलिंडर सगळ्यात शेवटी शिकवा. मावशींनी झाकण टाकणं, गॅस बंद करणं आणि दार ओढून बाहेर पडणं शिकावं. वॉचमनने फोन करणं, गेट मोकळं करणं आणि आलेल्या जवानांना नेमकी माहिती देणं शिकावं. पण या दोघांनाही काही शिकवण्याआधी एक गोष्ट समितीने करायची आहे. त्यांना परवानगी द्यायची आहे.

तुमच्या वॉचमनला अग्निशमन दलाचा नंबर माहीत नव्हता असं मला वाटत नाही. बहुतेक तो केबिनच्या भिंतीवर लिहिलेलाही असेल. त्याने सेक्रेटरींना आधी फोन केला, कारण त्याची नोकरी त्यांच्या हातात आहे. बंब उगाच बोलावला, सगळी सोसायटी गोळा झाली आणि शेवटी कुणाचं तरी दूध करपलेलं निघालं, तर सकाळी कुणाला बोलणी बसतील हे त्याला पक्कं ठाऊक आहे. एजन्सीचा सुपरवायझरही त्याला हेच शिकवतो, की आधी साहेबांना विचार. ही भीती प्रात्यक्षिकाने जात नाही. ती कागदाने जाते. समितीच्या लेटरहेडवर चार ओळी लिहा: धूर किंवा आग दिसली, किंवा कुणी तशी खबर दिली, तर ड्युटीवरच्या वॉचमनने कुणालाही न विचारता आधी अग्निशमन दलाला फोन करायचा, सेक्रेटरींना नंतर कळवायचं, खबर चुकीची निघाली तरी त्याला कुणी जाब विचारणार नाही. खाली चेअरमन, सेक्रेटरी आणि एजन्सी तिघांच्या सह्या हव्यात. हा कागद केबिनमध्ये लावा आणि सुपरवायझरच्या देखत सगळ्या वॉचमनना मोठ्याने वाचून दाखवा. तो समोर हवाच, कारण उद्या झापणारा तोच असतो.

मावशींची भीती वेगळी आहे आणि तिच्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. घर उघडं टाकून बाहेर पडले आणि मागाहून काही हरवलं, तर नाव कुणावर येईल? शिवाय कढई काळी झाली, पडदा जळला, ओटा खराब झाला, तर पगारातून कापतील का? बाई धुरात उभी राहून आग विझवायला बघते, त्यामागे धाडस कमी आणि हा हिशेब जास्त असतो. यावर समितीचा कागद पुरत नाही. ज्या घरात ती काम करते त्या घरच्या माणसाने, त्याच स्वयंपाकघरात उभं राहून सांगायला हवं, की आग लागली तर सगळं सोडून निघायचं, घर उघडं राहिलं तरी चालेल, मी काही विचारणार नाही. प्रत्येक फ्लॅटधारकाला सर्क्युलरने हे सांगायला लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

त्याच वेळी प्रत्येक घराने आणखी एक गोष्ट तपासावी. मावशी आणि घरातलं म्हातारं माणूस किंवा मूल आत असताना बाहेरून कुलूप लावून जाणारी घरं तुमच्या सोसायटीतही असणार. कारण विचारलं तर सांगतात, कुणी अनोळखी माणूस आत येऊ नये म्हणून. हे ताबडतोब बंद झालं पाहिजे. सेफ्टी डोअरची किल्ली दाराच्या आतल्या बाजूला, हाताच्या उंचीवर, एका हुकला कायम टांगलेली असावी. ड्रॉवरमधली किल्ली धुरात सापडत नाही. मावशी कामावर रुजू झाल्याच्या दिवशीच तिच्याकडून ते कुलूप एकदा उघडून घ्यावं. सेफ्टी डोअरची कुलुपं अनेकदा अडकतात, आणि कुठल्या बाजूला किती फिरवायचं हे त्या घरातल्यांनाच माहीत असतं.

आता तेलाकडे वळू. तेलाने पेट घेण्याआधी बराच वेळ धूर सोडलेला असतो, म्हणून धूर येऊ लागला की गॅस बंद, हा पहिला धडा. साधारण ३५० अंशांच्या आसपास गेलं की ते बाहेरून ठिणगी न लागताही आपोआप पेटतं. पाणी १०० अंशांनाच उकळतं आणि तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जातं. तिथे त्याची क्षणात वाफ होते, वाफेचं आकारमान पाण्याच्या सुमारे सतराशे पट होतं, आणि ती वर येताना पेटतं तेल बारीक थेंबांच्या रूपात सगळीकडे उडवते. तुमच्या मावशींनी बघितलेला भडका तो हाच. इतकं सगळं शिकवताना सांगायची गरज नाही, पण पाणी का नाही याचं कारण एका वाक्यात सांगाच. पाणी खाली जातं आणि तेलाला वर उडवतं, एवढं लक्षात राहतं. नुसतं ‘पाणी टाकू नका’ सांगितलेलं आयत्या वेळी आठवत नाही, कारण आग म्हटलं की हात आपोआप नळाकडे जातो.

पाण्याच्या जागी काय करायचं ते हाताला शिकवावं लागतं. एक खरी कढई घ्या, थंड आणि रिकामी. तिच्यापेक्षा मोठं, सपाट, धातूचं झाकण घ्या. काचेचं उष्णतेने तडकू शकतं, प्लास्टिकचं वितळतं. झाकण वरून टाकायचं नाही, कारण तेव्हा हात ज्वाळेवर येतो. ते ढालीसारखं आपल्या आणि आगीच्या मध्ये धरायचं आणि आपल्या बाजूच्या काठावरून पुढे सरकवत न्यायचं. मग गॅसची कळ बंद करायची. कळीपर्यंत पोहोचायला ज्वाळेवरून हात न्यावा लागत नसेल तर ती आधी बंद केलेली उत्तम. झाकण बसलं की विषय संपला असं वाटतं, आणि नेमका इथे घोटाळा होतो. विझली का बघायला बाई दोन मिनिटांत झाकण उचलते, हवा आत जाते, तेल अजून तितकंच तापलेलं असतं आणि ते पुन्हा पेटतं. निदान अर्धा तास, कढई पूर्ण गार होईपर्यंत, झाकणाला हात लावायचा नाही. कढई उचलून सिंकमध्ये किंवा बाल्कनीत तर कधीच न्यायची नाही. चालताना तेल हिंदकळतं, हातावर आणि पायांवर येतं, आणि जिथे आग नव्हती तिथेही ती पोहोचते.

हा प्रयत्न एकदाच करायचा, हे ठासून सांगा. आग कढईतच आहे आणि झाकण हाताशी आहे, तरच करायचा. झाकण सापडलं नाही, ज्वाळा चिमणीला किंवा वरच्या कपाटाला पोहोचली, किंवा एकदा करून जमलं नाही, तर स्वयंपाकघर सोडायचं. चिमणीच्या जाळीत तेलाचा चिकटा साठलेला असतो, ती पेटल्यावर घरातल्या कुणाच्याही आवाक्यातली ती आग राहत नाही. आणि हो, झाकण ओट्याच्या वरच्या कपाटात ठेवलेलं असेल तर ते नसल्यासारखंच. ते शेगडीच्या बाजूला, उभं राहिल्या जागेवरून हात पोहोचेल असं असावं.

सोडायचं म्हणजे कसं, तेही करून घ्या. स्वयंपाकघराला दार असेल तर ते ओढून घ्यायचं. मग घरातल्या माणसाला घेऊन बाहेर पडायचं आणि फ्लॅटचं मुख्य दारही मागे ओढून घ्यायचं. बहुतेक जण नेमकं उलट करतात. धूर जावा म्हणून दार सताड उघडं ठेवतात. तो धूर जिन्यात जातो, जिना वरपर्यंत भरतो, आणि मग आठव्यापासून बाराव्यापर्यंतच्या लोकांना खाली यायला वाट राहत नाही. शिवाय उघड्या दारातून आगीला हवा मिळते. बंद दार, साधं लाकडी असलं तरी, मौल्यवान मिनिटं मिळवून देतं. दार ओढायचं, पण कडी-कुलूप लावायचं नाही. लॅच आपोआप लागणारा असेल तर हुकची किल्ली बरोबर घ्यायची, म्हणजे जवानांना दार फोडावं लागत नाही.

आता तोच सातवा मजला, त्याच आजी, पण शिकलेल्या मावशी, असा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. तेल पेटलं. मावशींनी झाकण उचललं, पण ज्वाळा मोठी आहे आणि चिमणीची जाळी तडतडायला लागली. त्यांनी झाकण तिथेच सोडलं, हाताशी होती म्हणून गॅसची कळ बंद केली आणि स्वयंपाकघराचं दार ओढलं. एवढ्याला अर्धं मिनिट पुरतं. आजी झोपेतून उठतात, पण त्यांना भराभर चालता येत नाही. त्यांना उचलण्याच्या फंदात मावशी पडत नाहीत. एकट्या बाईला मोठं माणूस उचलणं जमत नाही, आणि दोघी पडल्या तर आणखी अडचण. त्या आजींना चादरीवर बसवतात किंवा झोपवतात, डोक्याकडची दोन टोकं मुठीत गुंडाळतात आणि उलट्या चालत चादर ओढतात. गुळगुळीत फरशीवर हे आश्चर्य वाटेल इतकं सोपं जातं. फक्त उंबरठ्यापाशी थांबून डोकं सांभाळावं लागतं. बाहेर लॉबीत आल्यावर दार मागे ओढलं, भिंतीवरच्या लाल डबीची काच दाबून अलार्म दिला, शेजारच्या दारावर हात आपटले. मग ‘ए विंग, सातवा मजला, सातशे दोन, स्वयंपाकघरात आग, आम्ही दोघी बाहेर आहोत’ असं वॉचमनला फोनवर सांगितलं आणि शेजाऱ्यांच्या मदतीने आजींना जिन्याने खाली नेलं. लिफ्टकडे कुणी गेलं नाही.

या प्रसंगातल्या दोन गोष्टींचा सराव केल्याशिवाय त्या होत नाहीत. एक चादर. प्रशिक्षणात एका मावशीला चादरीवर झोपवा आणि दुसरीला दहा पावलं ओढायला सांगा. हशा पिकेल, पिकू द्या. दुसरी ती लाल डबी. ‘तिला हात लावलेला चालत नाही’ अशी अनेक मावशींची ठाम समजूत असते, कारण त्यांना लॉबीत कशालाच हात लावू नका असं सांगितलेलं असतं. प्रत्येकीला डबीसमोर उभं करा आणि सांगा, ही तुझ्यासाठीही आहे.

बाहेर पडायची वाटच धुराने भरलेली असेल तर हट्टाने त्यात शिरायचं नाही. दार उघडण्याआधी तळहाताने नाही, हाताच्या मागच्या बाजूने दार चाचपायचं. गरम लागलं किंवा फटीतून धूर येत असेल तर उलट फिरायचं, आगीपासून लांबच्या, खिडकी असलेल्या खोलीत जाऊन दार लावायचं, दाराच्या खालच्या फटीत ओला कपडा कोंबायचा, खिडकीतून रंगीत कपडा हलवायचा आणि वॉचमनला फ्लॅट नंबर व खोली सांगायची. वाटेत धूर असेल तर गुडघ्यांवर, कारण जमिनीलगत हवा जरा बरी असते.

भाजल्यावर काय, हेही सांगून टाका. वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरायचा, बांगड्या-अंगठ्या सूज येण्याआधी काढायच्या, बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावायचं नाही, आणि मग डॉक्टर. अंगावरच्या कपड्याने पेट घेतला तर पळायचं नाही, खाली पडून लोळायचं.

आता गेटवर. वॉचमनच्या शिकवणीत सगळ्यात जास्त वेळ फोनला द्या. हसू नका, पण मी सराव घेते तेव्हा निम्म्याहून जास्त वॉचमन सोसायटीचा पूर्ण पत्ता सांगू शकत नाहीत. ते गेल्या महिन्यात दुसऱ्या साइटवर होते, त्यांना ‘इथे’ म्हणजे कुठे हे माहीत नसतं. केबिनमध्ये फोनच्या अगदी वर मोठ्या अक्षरांत, त्यांना वाचता येईल त्या भाषेत, पत्ता, जवळची ओळखीची खूण आणि बंब कुठल्या गेटने आत येईल हे लिहा. मग एकेकाला बसवा, तुम्ही कंट्रोल रूमवाले व्हा आणि प्रश्न विचारा. कुठे? काय पेटलंय? कितवा मजला, इमारत किती मजल्यांची? कुणी अडकलंय का? तुमचा नंबर काय? पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. हा नाटकी फोन प्रत्येकाकडून दोनदा करून घ्या. दुसऱ्यांदा तो निम्म्या वेळात होतो.

फोन कधी करायचा, हाही निर्णय त्याच्यावर सोडू नका. धूर किंवा ज्वाळा कुणी बघितली असेल तर लगेच. फक्त फायर अलार्मच्या पॅनेलवर एका डिटेक्टरचा दिवा लागलाय आणि बाकी काही खूण नाही, तर त्या मजल्यावरच्या दोन घरांना इंटरकॉम करायचा. दोन मिनिटांत कुणी ‘काही नाही, धुरी घातली होती’ असं सांगितलं तर ठीक, उत्तरच आलं नाही तर आग आहे असं धरून फोन. तपासायला म्हणून वॉचमन लिफ्टने वर गेला, ही चूक मात्र सगळीकडे होते. गेटवर दुसरा कुणी नसतो, आणि लिफ्टचं दार नेमकं पेटलेल्या मजल्यावर उघडतं.

पॅनेलबद्दल थोडं थांबून सांगते, कारण आग लागण्याच्या आधीच तिथे सगळं बिघडलेलं असतं. पॅनेल वारंवार खोटं वाजतं. डिटेक्टरमध्ये धूळ किंवा किडा गेलेला असतो, कुणाच्या तरी स्वयंपाकाचा धूर लॉबीत आलेला असतो. रात्री वाजलं की रहिवासी ओरडतात. मग वॉचमन ‘सायलेन्स’ आणि ‘रीसेट’ ही दोन बटणं न बघता दाबायला शिकतो. सायलेन्सने आवाज जातो, पण कुठल्या झोनमध्ये इशारा आहे ते दिसत राहतं. रीसेटने तेही पुसलं जातं, आणि आग असेल तर पॅनेल पुन्हा वाजेपर्यंतचा वेळ फुकट जातो. नियम साधा ठेवा. आधी झोन वाचून वहीत लिहायचा, मग आवाज बंद करायचा, रीसेट मात्र कुणीतरी जागेवर बघून आल्याशिवाय करायचं नाही. आणि पॅनेल दुरुस्त करून घ्या. रोज खोटं वाजणारं यंत्र खालच्या माणसाने गंभीरपणे घ्यावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

दोन वॉचमन असतील तर एक गेट सोडतच नाही. तो बॅरिअर वर करतो, आत येणारी इतर वाहनं थांबवतो, कुणाला तरी रस्त्याच्या कोपऱ्यावर वळण दाखवायला उभं करतो. दुसरा जिन्याच्या तोंडाशी राहतो आणि लोकांना लिफ्टपासून परतवतो. बंबाच्या वाटेवर पाहुण्यांच्या गाड्या लावू देणं हे गेटवरच्या माणसाचं रोजचं दुखणं आहे. रहिवासी दटावतात आणि तो गप्प बसतो. तेव्हा तिथेही समितीच्या सह्यांचा कागद हवा. एखादा मोठा ट्रक तिसऱ्या इमारतीपर्यंत आणून वळवून बघा, कमान, लोंबणाऱ्या वायरी, वळणावरची कुंडी, काय काय आडवं येतं ते लगेच दिसेल.

बंब आल्यावर पुढारी जवान चार गोष्टी विचारतो, आणि त्यांची उत्तरं वॉचमनच्या तोंडात तयार हवीत: कुठे आणि काय पेटलंय, आत कोण आहे, गॅस आणि वीज कुठून बंद होते, पाणी कुठे आहे. म्हणून प्रत्येक वॉचमनला पहिल्याच दिवशी मीटर रूम, गॅसचा व्हॉल्व्ह, पंप रूम आणि गच्चीची किल्ली दाखवा. दाखवा म्हणजे त्याच्याकडून चालत जाऊन शोधून घ्या. वीज फक्त त्या फ्लॅटची बंद करायची. सगळ्या इमारतीचा मेन स्विच खाली ओढला तर जिन्यातले दिवे जातात, आणि वायरिंग कसं केलंय त्यावर पंपही बंद पडू शकतो. पंप रूममध्ये त्याला एकच गोष्ट रोज बघायला सांगा: पॅनेलवरची कळ ‘ऑटो’वर आहे ना आणि दाबाचा काटा शून्यावर नाही ना. दुरुस्तीला आलेला माणूस कळ ‘मॅन्युअल’वर टाकून तशीच सोडून जातो, आणि मग वरच्या मजल्यावर व्हॉल्व्ह उघडला तरी पाणी येत नाही.

आणि वर कोण आहे याचा हिशेब. रहिवाशांची यादी सगळ्या सोसायट्यांकडे असते, त्यात मावशी नसतात. खाली मोजणी झाली की सातशे दोनमधले सगळे सापडले असं जाहीर होतं, आणि आठशे दोनमध्ये भांडी घासणाऱ्या ताईचा कुणाला पत्ताच नसतो. गेटवरच्या नोंदवहीत येण्याची वेळ असते, जाण्याची बहुधा नसते. ती लिहायला लावा, कुठल्या घरातून कुठल्या घरात हेही, आणि आग लागली की ती वही घेऊनच वॉचमनने जमण्याच्या जागी जायचं. तुमच्या सभासदांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. दिवसा अकरा वाजता तुमच्या तीन इमारतींमध्ये मोठी माणसं कोण असतात, ते ती वही उघडून एकदा बघा.

आता सिलिंडर. लॉबीतला पावडरचा सिलिंडर साधारण सहा किलोचा असतो, डब्यासकट वजन नऊ-दहा किलोपर्यंत जातं, आणि तो पंधरा-वीस सेकंदांत संपतो. हे आकडे ऐकून ताकद कमी नको वाटायला, पण मर्यादा कळायला हव्यात. कागदाची टोपली, पडदा, एखादी खुर्ची, एवढ्यासाठी तो आहे. पिन ओढायची, दोन-तीन मीटर अंतरावरून नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडी दाबायची, डावी-उजवी फिरवायची. पाठीमागे बाहेर जायचं दार हवं. धूर तोंडाच्या उंचीवर आला असेल तर हातच लावायचा नाही. पेटत्या तेलावर जवळून मारला तर पावडरचा झोत तेलच उडवतो. लॉबीतल्या डब्यातली जाड होज मात्र जवानांसाठी सोडा, तिच्यातल्या दाबाने नवखा माणूस आडवा होतो. रीळवर गुंडाळलेली बारीक नळी वॉचमनला जमते, विजेचं काही पेटलेलं नसेल तर.

सरावासाठी नवे सिलिंडर विकत घेऊ नका. ज्यांची रीफिल करायची वेळ आली आहे ते वापरा, एकेक सिलिंडर दोघा-तिघांत, आणि प्रत्येकाने स्वतः दाबलाच पाहिजे. एकदा दाबलेला सिलिंडर अर्धा भरलेला वाटला तरी पुन्हा हुकला लावायचा नाही, त्याचा दाब हळूहळू निघून जातो. मावशींनाही तो एकदा उचलायला द्या. ज्यांना तो पेलत नाही त्यांना आपण त्यात वेळ घालवायचा नाही, हे त्या क्षणी कळतं, आणि तेही शिकणंच आहे.

पार्किंगमध्ये चार्जिंगला लावलेली ई-स्कूटर सिसकारे सोडत पांढरा धूर टाकायला लागली, तर वॉचमनने जवळ जायचंच नाही. सिलिंडरने ती वरवर विझते आणि पुन्हा पेटते, आणि तो धूर विषारी असतो. लोकांना लांब करायचं, जमलं तर लांबूनच त्या चार्जिंग पॉइंटचा स्विच बंद करायचा, आणि फोन.

कसं शिकवायचं? सहा-सात जणांचे गट, अर्धा तास, एखाद्या खऱ्या स्वयंपाकघरात आणि खऱ्या लॉबीत. स्लाइड शो नको. मावशींना सुटीच्या दिवशी बोलावू नका, त्या येणार नाहीत आणि का याव्यात? दोन घरांच्या कामांच्या मधल्या वेळात घ्या आणि ज्या घराचा अर्धा तास बुडेल त्या घराला आधीच कळवा, पगार न कापता. शिकवून झाल्यावर ‘समजलं का?’ असं विचारू नका. सगळ्या ‘हो’ म्हणतात. ‘दाखव’ म्हणा. झाकण कुठे आहे ते दाखव, ते सरकवून दाखव, आता बाहेर कशी जाशील ते चालून दाखव. तीन आठवड्यांनी दोघी-तिघींना कामावर असताना गाठून हेच पुन्हा विचारा, किती टिकलं ते तिथे कळेल. रात्रपाळीच्या वॉचमनचा गट रात्रीच घ्या, त्याला झोपेतून उठवून सकाळी आणलेलं शिक्षण त्याला लागू पडत नाही, आणि रात्री गेटवर काय दिसतं हे तुम्हालाही कळेल.

एजन्सी वॉचमन बदलत राहते, म्हणून वर्षातून एकदा प्रशिक्षण हा प्रकार फुकट जातो. करारात एक अट घाला: नव्या माणसाने नाटकी फोन पूर्ण केल्याशिवाय, आणि गॅसचा व्हॉल्व्ह, मीटर रूम व पंप रूम कुणाच्या मदतीशिवाय शोधून दाखवल्याशिवाय, त्याला गेटवर एकट्याने ड्युटी द्यायची नाही. सुपरवायझरने तारखेसह सही करायची आणि ती सही तुमच्यापैकी कुणीतरी महिन्यातून एकदा पडताळायची.